कंगव्याच्या सरकत्या खाचा: फ्लँजर आणि कोरसच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

फ्लँजर आणि कोरस हे दोन वेगळे इफेक्ट आहेत असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता एकाच डिले लाइनवर दोन्ही लिहायचे आणि फरक नेमका कुठे पडतो ते मोजायचं, असं ठरवलं आहे. मूळ आवाज घ्यायचा, त्याचीच थोडी उशिरा आलेली प्रत त्यात मिसळायची आणि तो उशीर हळूहळू कमीजास्त करत राहायचं. साहित्य एवढंच.

आज उशीर हलवलाच नाही. तो १ मिलिसेकंदावर गोठवला. सॅम्पल रेट ४८,००० असल्याने हे ४८ सॅम्पल झाले. ज्या फ्रिक्वेन्सीला एवढ्या वेळात अर्धं आवर्तन होतं, तिची प्रत बरोबर उलटी होऊन येते आणि मूळ आवाजाला खाऊन टाकते. दीड आवर्तन, अडीच आवर्तन होणाऱ्या फ्रिक्वेन्सींचंही तेच. म्हणजे ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा समान अंतरावर खाचा पडायला हव्यात, आणि मध्ये १०००, २००० वर उंचवटे. आलेखात हे कंगव्यासारखं दिसतं, म्हणून कंगवा फिल्टर. (इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की ‘कोंब’ होतो आणि काहीतरी उगवल्यासारखं वाटतं. मी आपली कंगवाच म्हणणार.)

एक आवेग सोडला, उत्तर ८१९२ बिंदूंच्या एफएफटीतून काढलं. पहिली खाच ५१०.६ वर. दहावी ९५०० ला हवी, ती ९७०२ ला. सगळंच दोन टक्क्यांनी वर सरकलेलं. सॅम्पल रेट चुकला की डिले चुकला, हे ओळखायला उशीर ५ मिलिसेकंद करून पुन्हा मोजलं. या वेळी चूक फक्त ०.४ टक्के. रेट चुकला असता तर टक्का तोच राहिला असता. इथे मात्र ४८ ऐवजी ४७ आणि २४० ऐवजी २३९ असा एका सॅम्पलचा हिशेब दोन्हीकडे जुळतो. बफरमध्ये लिहून झाल्यावर मी निर्देशांक आधी पुढे ढकलत होते आणि वाचत होते मग. ओळींचा क्रम बदलला, खाच ५०० वर आली.

४ जून

खाचेची खोली. प्रत मूळ आवाजाइतकीच मोठी असेल तर खाच तळाला जाते आणि उंचवटा ६ डेसिबल वर जातो. प्रत ०.७ पट मिसळली की खाच साडेदहा डेसिबल खोल आणि उंचवटा ४.६ डेसिबल. कानाला खाचेपेक्षा उंचवटा आधी कळतो, असं आपलं माझं मत. पण कंगवा *सरकतोय* हे कळायला खोल खाच लागते, म्हणून मी प्रत पूर्ण ठेवली.

५ जून

आज उशीर हलवला. ०.५ ते ८ मिलिसेकंद, त्याला हलवायला एलएफओ, म्हणजे स्वतः ऐकू न येणारी संथ लहर, त्रिकोणी, ०.१ हर्ट्झ. म्हणजे पाच सेकंदांत एक टोक, पुढच्या पाचात परत. आत व्हाइट नॉइज सोडला, कारण त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात आणि खाच कुठेही गेली तरी ऐकू येते.

ओळखीचा ‘श्शूऽऽ’ आला खरा, पण त्याच्याखाली एक गुरगुर होती. ड्रमच्या ट्रॅकवर तर स्पष्ट. कारण शोधायला वेळ लागला नाही. मी उशीर पूर्णांक सॅम्पलमध्ये घेत होते. साडेसात मिलिसेकंद म्हणजे ३६० सॅम्पल. ते पाच सेकंदांत ओलांडायचे तर सेकंदाला ७२ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला एक सॅम्पल दोनदा वाचलं जातं किंवा एक गाळलं जातं. त्या ७२ ठिणग्या एकत्र येऊन गुरगुरतात. एलएफओचा वेग दुप्पट केला तेव्हा गुरगुरीचा सूरही बरोबर एक सप्तक वर गेला, तेव्हा खात्री पटली.

स्पेक्ट्रोग्राममध्येही ते दिसतं. २४ वरून २५ सॅम्पलवर जाताना पहिली खाच १००० वरून ९६० वर उडी मारते. तिथे ४० हर्ट्झचा फरक चालून जाईल. पण त्याच क्षणी दहावी खाच १९,००० वरून १८,२४० वर येते. वरच्या खाचा सरकत नाहीत, जिना उतरतात.

८ जून

दोन सॅम्पलच्या मधलं मूल्य काढायचं. सगळ्यात सोपा उपाय सरळ रेषेचा.

```c
buf[w] = x;
double d = tau * fs;       // उशीर, सॅम्पलमध्ये
double r = w - d;
if (r < 0) r += N;
int i = (int)r;
double a = r - i;
double y = (1 - a) * buf[i] + a * buf[(i + 1) % N];
w = (w + 1) % N;
out = x + g * y;
```

गुरगुर गेली. झांजांवर मात्र अजून काहीतरी खटकत होतं, जणू वरचा पट्टा पातळ-जाड होतोय. गणित केल्यावर उलगडलं. उशीर बरोबर दोन सॅम्पलच्या मध्यावर असतो तेव्हा सरळ रेषा म्हणजे दोघांची सरासरी, आणि सरासरी हा स्वतःच एक लो-पास फिल्टर आहे. त्याची पातळी `cos(pi*f/fs)`. १० किलोहर्ट्झला हे ०.७९ येतं, म्हणजे प्रत २ डेसिबलने कमी. उशीर पूर्णांकावर आला की ती पुन्हा पूर्ण. हा खेळ सेकंदाला तेच ७२ वेळा. जिना गेला, पण त्याची सावली वरच्या पट्टीत राहिली.

नुसती पातळी २ डेसिबलने कमी झाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण खाच ही वजाबाकी आहे, आणि वजाबाकीत दोन्ही बाजू सारख्या असाव्या लागतात. १ मधून ०.७९ गेले तर ०.२१ उरतात. तळाला जायला हवी ती खाच जेमतेम १३.७ डेसिबलची होते. खाचा खालच्या पट्टीत सुरीसारख्या आणि वर बोथट.

चार सॅम्पल वापरणारं तिसऱ्या घाताचं लाग्रांज सूत्र घातलं. त्याच वाईटातल्या वाईट जागी, म्हणजे मध्यावर, १० किलोहर्ट्झला ०.९४ मिळतं आणि खाच साडेचोवीस डेसिबलपर्यंत खाली जाते. त्याच्या वर अजून ढिसाळच आहे, पण तिथे फारसं कोणी ऐकत नाही. किंमत एवढीच की हे सूत्र वाचनबिंदूच्या पुढचं एक सॅम्पलही मागतं, त्यामुळे उशीर एका सॅम्पलपेक्षा कमी करता येत नाही. ऑल-पास पद्धतीत पातळी अजिबात घटत नाही. पण तिला स्वतःची आठवण असते, उशीर भराभर बदलला की जुनं मूल्य मागे राहून खडखडतं. ती ठेवून दिली.

११ जून

चुलतभाऊ गिटार घेऊन आला होता. त्याच्याकडे जुन्या धाटणीचा ॲनालॉग फ्लँजर पेडल आहे. माझा ऐकला आणि म्हणाला, “ताई, तुझा हा वर गेला की पळतोय आणि खाली आला की बसूनच राहतोय. माझा असं नाही करत गं.”

मी आधी वाद घातला. त्रिकोणी एलएफओ आहे, एकसारखा चालतोय, पळेल कसा? तो गेल्यावर कागद घेतला. एकसारखा चालतोय तो उशीर. पहिली खाच `1/(2*tau)` वर असते, म्हणजे उशिराच्या व्यस्त प्रमाणात. ०.५ ते ८ मिलिसेकंद म्हणजे खाच १००० वरून ६२.५ हर्ट्झवर, चार सप्तकं. वरचं सप्तक, १००० ते ५००, उशीर ०.५ वरून १ होताना संपतं, म्हणजे पाच सेकंदांतलं एक तृतीयांश सेकंद. सर्वांत खालचं सप्तक ४ ते ८ मिलिसेकंदांत, म्हणजे अडीच सेकंदांहून जास्त. निम्म्याहून अधिक वेळ खाच तळाशी रेंगाळते आणि वरून एका झटक्यात जाते. तो बरोबर होता.

मग त्याचा पेडल का पळत नाही? ॲनालॉग पेडलमध्ये बकेट-ब्रिगेड चिप असते. फिलिप्समध्ये १९६९ साली निघालेली ही कल्पना. कपॅसिटरांची रांग, आणि घड्याळाच्या ठोक्यावर एकाने आपला विद्युतभार पुढच्याला द्यायचा, रांगेतून बादल्या सरकवाव्यात तसा. १०२४ टप्पे असतील तर उशीर `1024/(2*fclk)`, म्हणजे १०० किलोहर्ट्झच्या घड्याळाला ५.१२ मिलिसेकंद. आता हा उशीर खाचेच्या सूत्रात घालून पाहा: पहिली खाच `fclk/1024`. एलएफओ जिथे घड्याळाचा वेग हलवतो, तिथे तो थेट खाचच हलवत असतो, उशीर नव्हे. (घड्याळ हलत असताना बादली रांगेत असते, तेव्हा हे अगदी तंतोतंत नाही, पण इतक्या मंद एलएफओला पुरे.) मी चुकीच्या गोष्टीला सरळ रेषेत नेत होते.

मी त्याच्या पेडलचीही नक्कल केली नाही. कानाला सप्तकं समान वाटतात, म्हणून उशीर घातांकी केला:

```c
tau = 0.0005 * pow(16.0, u);   // u: 0 ते 1
```

आता प्रत्येक सप्तकाला सव्वा सेकंद. फरक लगेच कळतो, वरचा पट्टा पहिल्यांदाच *ऐकायला* मिळाला.

१५ जून

सगळ्या प्रकल्पातला माझ्यासाठी सर्वांत मोलाचा प्रयोग आजचा, आणि तो सुचला कंटाळ्यातून. नॉइज ऐकून कान विटले होते, म्हणून फ्लँजरमध्ये नुसता १००० हर्ट्झचा शुद्ध सूर सोडला. एलएफओ परत जुना, सरळ त्रिकोणी.

फ्लँजर ऐकूच आला नाही. सूर फक्त मोठा-लहान होत राहिला. बरोबरच आहे, एकाच फ्रिक्वेन्सीला कंगवा दिसणार कसा? तिच्यावरून एकेक दात जाताना तिला नुसता धक्का जाणवतो. धक्के मोजले: एका फेरीत आठ. खाच १००० वर येते ती उशीर ०.५, १.५, २.५ … ७.५ मिलिसेकंद असताना, म्हणजे आठच. जुळलं. दोन धक्क्यांमधलं अंतर दोन तृतीयांश सेकंद, म्हणजे सेकंदाला दीड धक्का.

इथे थांबले, कारण सेकंदाला दीड ही संख्या मला दुसऱ्या वाटेनेही काढता येते. उशीर वाढत असताना प्रत थोडी थोडी मागे पडत जाते, म्हणजे तिचा सूर उतरतो. दूर जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखं. किती उतरतो? उशीर वाढण्याच्या वेगाइतका. साडेसात मिलिसेकंद भागिले पाच सेकंद म्हणजे ०.००१५. तेव्हा १००० च्या सुराची प्रत ९९८.५ वर वाजते. १००० आणि ९९८.५ एकत्र वाजले तर सेकंदाला दीड ठोके पडतात.

तेच दीड! सुरावरून खाच सरकणं आणि किंचित बेसूर प्रतीबरोबर ठोके पडणं, या दोन घटना नाहीतच. एकाच घटनेला एकदा आलेखावर पाहिलं आणि एकदा तंबोऱ्याच्या तारा लावताना ऐकतो तसं ऐकलं. जोडीच्या तारा जवळ आल्या की ठोके मंदावतात, इथे उशीर हलायचा थांबला की खाचा थांबतात. फ्लँजरची ‘खाच’ आणि कोरसचा ‘बेसूर’ हे वेगळे इफेक्ट आहेत हा माझा समज इथे संपला.

१६ जून

कालच्या हिशेबाचा एक अप्रिय परिणाम. घातांकी उशीर सगळ्या सप्तकांना समान वेळ देतो, पण त्यासाठी उशीर मोठा असताना त्याला जोरात पळावं लागतं. ८ मिलिसेकंदांच्या टोकाला वेग ०.००४४, म्हणजे प्रत ७.७ सेंटने, अर्धस्वराच्या ७.७ शतांशाने, बेसूर, ०.५ च्या टोकाला अर्धा सेंटही नाही. आणि त्रिकोणाच्या कोपऱ्यावर दिशा फटकन उलटते, म्हणजे प्रत एका क्षणात ७.७ सेंट खाली असलेली ७.७ सेंट वर जाते. नॉइजवर हे कळत नाही. गिटारच्या लांब धरलेल्या स्वरावर मात्र तळाशी दर दहा सेकंदांनी एक मुरड ऐकू येते.

त्रिकोणाऐवजी साइन, पण घातांकाच्या आत: २ मिलिसेकंद मध्य धरून वर-खाली दोन सप्तकं. टोकाला वेग आपोआप शून्य होतो. जास्तीत जास्त बेसूर ५.७ सेंट. खाच टोकांना थोडी जास्त रेंगाळते, पण दोन्ही टोकांना सारखीच. हेच ठेवलं.

१९ जून

आता त्याच कोडमध्ये फक्त आकडे बदलले. मध्य उशीर २० मिलिसेकंद, साधी साइन, वर-खाली ३ मिलिसेकंद, वेग ०.८ हर्ट्झ. कोरस झाला. श्शू पूर्ण गायब, आणि गिटार दोन माणसं वाजवत असल्यासारखी.

खाचा मात्र गेलेल्या नाहीत. आलेखात त्या आहेत, उलट भरमसाट आहेत. २० मिलिसेकंदांना त्या दर ५० हर्ट्झवर पडतात. १००० हर्ट्झच्या आसपास आपला कान सुमारे दीडशे हर्ट्झ रुंदीचा पट्टा एकत्र ऐकतो, तेवढ्यात तीन खाचा आणि तीन उंचवटे मावतात आणि सरासरी होऊन जाते. १ मिलिसेकंदाच्या फ्लँजरमध्ये दोन खाचांत १००० हर्ट्झचं अंतर असतं, म्हणून तिथे प्रत्येक दात सुटा ऐकू येतो. खालच्या स्वरांना कोरसमध्येही खाचा सुट्या जाणवतात. बास गिटारवर कोरस लावला की एखादा स्वर मध्येच पोकळ होतो, तो यामुळे. म्हणून बाससाठी प्रतीतला सुमारे २०० हर्ट्झखालचा भाग कापून टाकला, आणि स्वर पुन्हा भरीव झाले.

आणि बेसूर? कमाल वेग `2*pi*0.8*0.003`, म्हणजे ०.०१५, जवळजवळ २६ सेंट. हे ऐकू येतंच. वेग दुप्पट करायचा मोह झाला तर खोली अर्धी करायची, नाहीतर ५० सेंटच्या पुढे तो कोरस नसून मळमळ असते.

१९७५ च्या रोलँड जेसी-१२० ॲम्प्लिफायरमध्ये कोरस लावला की एका स्पीकरमधून मूळ आवाज आणि दुसऱ्यातून हलती प्रत निघते. बेरीज वायरमध्ये होत नाही, खोलीतल्या हवेत होते. म्हणजे खाचा कुठे पडतील हे ऐकणारा कुठे बसला आहे त्यावर. हेडफोनवर तसं करून पाहिलं, डावीकडे मूळ, उजवीकडे प्रत: बेरीजच होत नसल्याने खाच एकही नाही, नुसती रुंदी. मग दोन्ही चॅनल मोनोत मिसळले आणि सगळा कंगवा परत उभा राहिला. मोनोत तपासून पाहायचं, हे फलकावर लिहिलं.

२३ जून

फीडबॅक. प्रत पुन्हा डिले लाइनच्या तोंडाशी सोडायची, ०.७ पट. इथे वजाबाकीच्या खाचांपेक्षा उंचवटे वरचढ होतात: `1/(1-0.7)`, म्हणजे नुसत्या लूपचेच साडेदहा डेसिबल. ते अरुंद, टोकदार असतात आणि त्यांना सूर असतो. म्हणून तो जेट विमानासारखा धातूचा आवाज. चिन्ह उलटं केलं की उंचवटे खाचांच्या जागी जातात आणि आवाज पोकळ होतो. ०.९५ ला शिट्टी लागली, १ ला स्पीकर वाचवायला हात धावला. आता ०.९ वर कुलूप.

एक बारीक खोट सापडली. मी मागच्या सॅम्पलचं उत्तर परत सोडत होते, त्यामुळे लूपमधला उशीर एका सॅम्पलने जास्त. २४ सॅम्पलच्या टोकाला उंचवटा २००० ऐवजी १९२० वर, म्हणजे बेरजेच्या कंगव्याशी बेताल. आधी वाचून मग लिहायला लागले की सुटतं. शिवाय लूपमध्ये आवाज दर फेरीला इंटरपोलेशनमधून जातो. सरळ रेषेचं सूत्र ठेवलं असतं तर दर फेरीला तेच २ डेसिबल गेले असते.

२९ जून

शेवटचं राहिलेलं: शून्यातून जाणारा फ्लँजर. टेपच्या काळात एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन टेप दोन यंत्रांवर एकत्र लावत आणि एकीच्या रिळाच्या कडेवर अंगठा दाबून तिला मागे पाडत. ती कड म्हणजे फ्लँज, नाव तिथूनच. मग दुसरीला मागे पाडलं की पहिली तिला गाठून पुढे जाते. ते गाठणं माझ्या कोडमध्ये येऊच शकत नव्हतं, कारण प्रत मूळ आवाजाच्या आधी येऊ शकत नाही.

उपाय सोपा: मूळ आवाजालाच ४ मिलिसेकंद थांबवलं आणि प्रत १ सॅम्पल ते ८ मिलिसेकंद फिरवली. फरक आता उणे चारपासून अधिक चारपर्यंत. खाचा वर वर पळत जातात, ऐकण्याच्या पल्ल्याबाहेर निघून जातात, क्षणभर आवाज अखंड आणि ६ डेसिबल मोठा, आणि मग वरूनच परत उतरतात. इथे घातांकी उशीर चालत नाही, फरक शून्यातून न्यायचा तर त्याचा लॉग घेता येत नाही. साध्या साइनवर आले. इथे खाचेचं वर पळणं दोष वाटत नाही, सगळी मजाच त्यात आहे.

प्रत उलट्या चिन्हाने मिसळली तर त्या क्षणी संपूर्ण शांतता हवी. मला ती शून्यावर न मिळता एका सॅम्पलच्या फरकावर मिळाली. मूळचं वाचन एका सॅम्पलने नवं. २ जूनची तीच चूक, मी प्रतीच्या वाचनात दुरुस्त केलेली आणि मूळच्या नव्या वाचनात पुन्हा जशीच्या तशी लिहिलेली. दोन्ही वाचनं एकाच फंक्शनमधून घेतली. आता नॉइज विझतो, एक श्वास शांतता, आणि परत येतो. चुलतभावाला फाइल पाठवली. उत्तर आलं: “मध्ये आवाज जातोय, केबल तपास.”